सावलीची चौकट, नग एक

पांढरा पडदा साधारण पंधरा कार्यक्रम पुरतो. त्यानंतर तो पांढरा नसतो, पांढऱ्यासारखा असतो.

समोरच्या दुकानाची काच इतकी लख्ख, की तिच्यात आपलंच दुकान दिसतं.

दातांच्या डॉक्टरीणबाई ज्याच्याशी बोलतात त्याच्या तोंडाकडे बघतात, डोळ्यांकडे नाही.

कुणीतरी मोजपट्टी सोडतं. खर्रर्र, मग टक्.

"काम तुमचं छानच असतं हो. पण त्यांनी जरा कमी सांगितलं."

यादीतली एक वस्तू जगात नाही.

विषय: सजावटीच्या कामाबाबत

दुकान ताईचं. ती समारंभांची सजावट करून देते: प्रवेशद्वार, व्यासपीठ, खुर्च्यांना कापड, फुलं, दिवे. पुढच्या खोलीत टेबल, ग्राहकांसाठी दोन खुर्च्या आणि भिंतीवर केलेल्या कामांचे फोटो. मागच्या लांबट खोलीत लोखंडी कमानी, कापडाचे गठ्ठे आणि खोक्यांत गुंडाळून ठेवलेल्या दिव्यांच्या माळा. त्या माळा दर वेळी न गुंतवता ठेवल्या जातात आणि दर वेळी गुंतलेल्या निघतात.

ताईचा धाकटा भाऊ मापं घेतो, माणसं घेऊन जातो, सगळं उभं करतो आणि उतरवतो. त्याला सगळे धाकटाच म्हणतात, आता कानावरचे केस पिकले तरी. धाकट्याची बायको, म्हणजे ताईची भावजय, पूर्वी एका कंपनीच्या खरेदी विभागात होती. ती नोकरी सुटल्यावर दुकानाचे कागद बघायला लागली.

आणि समोर, रस्त्यापलीकडे, समोरचा. त्याचंही हेच काम. त्याला दुसरं नाव ठेवायची कुणाला गरज पडली नाही.

लागोपाठ काही कामं समोरच्याकडे गेली. जावीत, धंदा आहे. पण प्रत्येक वेळी तो ताईपेक्षा थोडासाच खाली. कधी डोळ्यांत भरेल इतका स्वस्त नाही, कधी महाग नाही. जणू ताईचा आकडा बघून, एक पायरी उतरून, तिथे बसून राहिलाय.

"योगायोग गं," धाकटा म्हणाला.

"एकदा असतो योगायोग."

"मग काय, तो आपल्या भिंतीला कान लावून बसतो? मध्ये रस्ता आहे."

ताई हसली नाही. धाकट्याने तिच्याकडे येण्याआधी समोरच्याकडे काम केलं होतं, काही वर्षं. तिकडून का निघालास, असं तिने तेव्हा विचारलं होतं. तो म्हणाला होता, "नाही पटलं." बाकी काही नाही. तेव्हा तेवढं पुरलं होतं. आता ते दोन शब्द ताईने पुन्हा बाहेर काढले आणि उलटसुलट करून बघायला लागली.

मोजमाप

दरपत्रकाची कल्पना भावजयीची.

"ताई, तुम्ही दर मनातून सांगता," ती म्हणाली. "एकाच कमानीला दोघांना वेगळे आकडे. ग्राहक ग्राहकाला भेटला तर?"

"माणूस बघून सांगावं लागतं."

"माणूस बघून चहा द्या. कमान बघून दर द्या."

धाकटा टेबलाखाली वाकून हसला.

मग तिघं बसले. भावजयीने लॅपटॉपवर कोरा तक्ता उघडला आणि प्रत्येक वस्तूला दोनपैकी एका गटात टाकायला लावलं: संपणारी आणि परत येणारी. फुलं संपतात. कापड, कमान, दिवे परत येतात. संपणाऱ्याची पूर्ण किंमत त्याच कामावर. परत येणाऱ्याची किंमत जितक्या कामांना ती टिकेल तितक्यांवर वाटायची, वर दर खेपेची धुलाई, दुरुस्ती, ठेवायची जागा. उभारायची मजुरी लिहिली तशी उतरवायचीही लिहायची.

"उतरवायची मी कधीच धरली नाही," ताई म्हणाली.

"मग आपली माणसं उतरवताना फुकट राबत होती?"

"त्यांना दिले ना मी. माझ्यातून दिले."

"तेच म्हणतेय."

वाहतूक वेगळ्या ओळीत, अंतर आणि मजला बघून. फुलांपुढे एक ओळ: बाजारात ते फूल न मिळाल्यास त्याच दराचं दुसरं. मग नफ्यावर अडलं. ताई खर्चावर तीस टक्के चढवायची आणि तीस टक्के सुटतात असं धरून चालायची.

"सातशेच्या कामावर तीस टक्के चढवलेत तर नऊशे दहा होतात," भावजय म्हणाली. "नऊशे दहातले दोनशे दहा म्हणजे तीस टक्के नव्हेत. शंभरातले तीस हातात राहायला हवेत, तर सातशेला शून्य पूर्णांक सातने भागा. हजार. त्या तीनशेतून भाडं, वीज, फोन जाईल, उरेल तो नफा."

ताईने भागून बघितलं. गुणून बघितलं. मग पेन बंद केलं. ते पटलं म्हणून नव्हे. आपल्याला इतकी वर्षं कुणी हे सांगितलं का नाही, याचा ती मनातल्या मनात संशयित शोधत होती.

यादीनंतर ग्राहकाला द्यायच्या कोटेशनचा नमुना. वर क्रमांक, तारीख, ग्राहकाचं नाव, कार्यक्रमाची जागा. मध्ये बाबी: नग, दर, रक्कम. खाली अटी: दर पंधरा दिवस लागू, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली उभारणीच्या दिवशी, विजेचा पुरवठा आणि जागेची परवानगी ग्राहकाकडे, मोडतोडीसाठी अनामत, सामान तपासून परत. सगळ्यांत शेवटी सहीची जागा.

"इथे दोन नावं टाकायची का?" धाकट्याने विचारलं. आवाज मुद्दाम सहज. "म्हणजे, लोक मलाच विचारतात ना जागेवर. मी कोण ते कागदावर असलेलं बरं."

भावजय पडद्याकडे बघत राहिली. तिने त्याला हे विचारायला सांगितलं होतं की तो आपणहून विचारत होता, ते तिच्या मानेवरून कळेना.

"बघू," ताई म्हणाली.

दुसऱ्या नावाची जागा रिकामी राहिली. खाली नुसती रेघ.

बाब क्रमांक अठरा

कुठेतरी पाणी मुरत होतं. ताईला ते ऐकू येत होतं, दिसत नव्हतं.

ताईचे दर तीन माणसांना माहीत असत. धाकटा. भावजय. आणि फुलवाला, जो फुलांच्या टोपल्या उतरवून तासभर टेबलाशी बसायचा, येताना फुलं आणायचा आणि जाताना बातम्या न्यायचा. तो समोरच्यालाही फुलं द्यायचा. पण फुलवाल्याला फक्त फुलांचे दर कळत. भावजय समोरच्याला ओळखतही नव्हती. ज्याच्याबद्दल विचार करायचा नव्हता, विचार फिरून त्याच्यापाशीच येऊन बसायचा.

म्हणून तिने दरपत्रकाच्या तीन प्रती काढल्या. तिघांना एकेक द्यायची, "जरा नजर टाका, काही राहिलं असेल तर सांगा" असं म्हणून. सगळं सारखं. फक्त अठराव्या ओळीत प्रत्येकाला वेगळी वस्तू. अशी वस्तू, जी कुणाकडेच नाही.

वस्तू शोधायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. फार विचित्र नको, तिथेच शंका येईल. फार साधी नको, कुणीही देत असेल. फुलवाल्याच्या प्रतीत तिने लिहिलं: पाण्यातला झेला. भावजयीच्या: पायरीची किनार. धाकट्याच्या प्रतीसाठी ती दोन कप चहा बसून राहिली. मग समोरच्या काचेत आपल्याच दुकानाची कमान हलताना दिसली, आणि तिने लिहिलं: सावलीची चौकट, नग एक, तीन हजार.

तीन हजार का, तर दोन हजार खोटे वाटत होते.

समोरच्याच्या कुठल्याही कागदावर यातली एक वस्तू उगवली, की झालं. ज्याची वस्तू, त्याचं तोंड. आणि ती धाकट्याची निघाली, तर ती रिकामी रेघ रिकामीच राहणार. रेघ काय, दुकानाची दुसरी किल्लीही परत मागायची. हे तिने स्वतःशी ठरवलं.

शेरे

फुलवाल्याने प्रत घडी करून खिशात घातली. "ताई, निशिगंधाला दर कमी लावलाय. मला नाही, तुम्हाला परवडायचा नाही." अठराव्या ओळीबद्दल काही नाही.

भावजयीने प्रत दोनदा वाचली. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मिटलं.

धाकट्याने उभ्या उभ्या वाचली. मग बोटाने मागे येऊन एका ओळीवर थांबला. "अरे वा," म्हणाला आणि ताईकडे बघून नुसता हसला. कशाला हसला, ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला कळलं असतं की ती बघत होती.

आता ती बघतच होती. धाकटा फोनवर बोलताना मागच्या खोलीत जातो. पूर्वीही जायचा का? आठवेना. धाकट्याने नवीन चप्पल घेतली. चांगली आहे. एवढी चांगली? धाकटा "आलोच" म्हणून जातो आणि आलो म्हणेपर्यंत बराच उशीर होतो.

एकदा तिने काचेतून त्याला समोरच्याच्या दारात उभा पाहिला. समोरच्याचा माणूस त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होता, आणि धाकटा मान हलवत होता. हो, हो. मग तो रस्ता ओलांडून परत आला तो शिडी घेऊन.

"आपली कुठे गेली?"

"आपलीचा पाय निघालाय. सांगितलं होतं ना तुला."

सांगितलं होतं. शिडीचा पायही निघाला होता, तिने जाऊन हलवून बघितला. पण पाय निघतो कसा, हाही एक प्रश्नच होता.

"काय म्हणत होता तो? खांद्यावर हात टाकून?"

"पाठ दुखते म्हणत होता. कुठलं मलम लावू विचारत होता." धाकट्याने शिडी भिंतीला लावली. "तुला काय झालंय, ताई? हल्ली बघतेस अशी, जणू मी तुझ्या ताटातलं उचलतोय."

"मी कुठे बघते."

"बरं."

तुलनात्मक तक्ता

दातांच्या डॉक्टरीणबाई भर दुपारी आल्या. त्यांचा नवा दवाखाना उघडायचा होता. मोजमापाला धाकटा जाऊन आला होता, इतकंच ताईला ठाऊक. बाईंनी खुर्चीत बसून पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर पसरला. समोरच्याचा कागद. वर त्याच्या दुकानाचा शिक्का.

"मी स्पष्टच बोलते," त्या ताईच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या. "मला घासाघीस जमत नाही. मी दाढेला जो दर सांगते तो सांगते. पण एक कळलं नाही म्हणून आले. ही सावलीची चौकट म्हणजे नेमकं काय?"

ताईने कागद जवळ ओढला.

प्रवेशद्वाराची कमान, बारा नाही, अकरा हजार चारशे. कापड, तीन हजार आठशे. आणि तिसऱ्या ओळीत, समोरच्याच्या छापील कागदावर, समोरच्याच्या शिक्क्याखाली: सावलीची चौकट, नग एक, दोन हजार आठशे पन्नास.

खोलीत काही बदललं नाही. पंखा फिरत होता. ताईला वाटलं, आपल्याला राग येईल. राग आला नाही. ती वस्तू कुणाच्या प्रतीत होती ते तिला पाठ होतं, आणि नेमकं तेवढंच तिला विसरावंसं वाटत होतं.

"हे तुम्हाला त्यांनी दिलं?" तिने विचारलं.

"हो. मी त्यांना विचारलं, दाखवा कशी असते. ते म्हणाले, फोटो पाठवतो. मग म्हणाले, फोटोत नीट येत नाही, प्रत्यक्षच बघा. मी म्हटलं, प्रत्यक्ष कुठे? तर म्हणाले, तुमच्याच दवाखान्यात." बाई पहिल्यांदाच हसल्या. "मला माझ्याकडचे पेशंट आठवले. दात घासता का विचारलं की असंच बोलतात."

"मग चौकटीबद्दल त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच की. तुमचा कागद त्यांना दाखवला ना मी." त्यांनी पिशवीत पुन्हा हात घातला. "दोन ठिकाणचे दर घ्यावेत, असं माझा नवरा म्हणतो. त्यांना म्हटलं, हे असं असं हवंय, तुम्ही कितीत द्याल. त्यांनी तिथल्या तिथे करून दिलं. फार हुशार माणूस, एवढ्या लवकर."

दुसरा कागद टेबलावर आला. ताईच्या दुकानाचा. नवा नमुना, वर क्रमांक एक. खाली धाकट्याचं अक्षर, आणि सहीच्या जागी रिकाम्या रेघेवर काहीच नाही. रेघेच्या बाजूला, अगदी बारीक, त्याने फोन नंबर लिहिला होता.

दोन्ही कागद शेजारी शेजारी. कमान बारा हजार, पलीकडे अकरा हजार चारशे. कापड चार हजार, पलीकडे तीन हजार आठशे. चौकट तीन हजार, पलीकडे दोन हजार आठशे पन्नास. वाहतूक सोळाशे, पलीकडे पंधराशे वीस. समोरच्याचं गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याला दवाखाना दुप्पट लांब. तरी पंधराशे वीस. प्रत्येक ओळीत विसावा हिस्सा कमी, एकही ओळ न सोडता. अटीसुद्धा तशाच, शब्दाला शब्द. विजेचा पुरवठा ग्राहकाकडे. दर पंधरा दिवस लागू.

जगात नसलेल्या वस्तूवरही त्याने पाच टक्के सूट दिली होती.

समोरच्याला कुणी काही पोचवत नव्हतं. ग्राहक स्वतः कागद घेऊन रस्ता ओलांडत होते. आणि त्या प्रत्येक कागदावर, नव्या नमुन्याच्या कितीतरी आधीपासून, ताई स्वतः ओळीओळीने, सुवाच्य अक्षरात, प्रत्येक कमानीपुढे आकडा लिहून देत आली होती. ग्राहकाला पारदर्शक वाटावं म्हणून.

तिने कागद उलटा केला. मागे काही नव्हतं. उगीचच पुन्हा सुलटा केला.

कामाचा तपशील

धाकटा दारातून आला आणि बाईंना पाहून ओळखीचं हसला.

"चौकटीचं विचारतायत," ताई म्हणाली.

"सांगितलं होतं की मी." त्याने मोजपट्टी टेबलावर ठेवली आणि हात मोकळे केले. "दार उघडलं की ही भिंत, बरोबर? तिथे हलकी लाकडी चौकट, माणसापेक्षा उंच. तिला पातळ पांढरं कापड ताणून बसवायचं. मागे एकच दिवा, खाली ठेवलेला. दिवा आणि कापडाच्या मध्ये डहाळ्या. म्हणजे फुलं दिसत नाहीत, त्यांची सावली दिसते. पंख्याचा वारा लागला की हलते. आणि मागून कुणी गेलं की त्याचीही सावली." तो थांबला. "दातांच्या भीतीने आलेल्या माणसाला बघायला काहीतरी हवं ना. सुया सोडून."

"तेच मला आवडलं," बाई म्हणाल्या. "त्यांना सांगता येईना, म्हणून पुन्हा विचारलं. फक्त दाढेची सावली नको. एक जण मला सुचवत होता."

"नाही नाही. पानंच."

"मग मी तुमच्याकडेच करते. पण तीन हजारच ना? की आता बदलणार?"

"दर पंधरा दिवस लागू," धाकटा म्हणाला. "कागदावर आहे." आणि ताईकडे बघितलं, बरोबर ना, असं.

बाईंनी आगाऊ रक्कम दिली, पावती घेतली आणि गेल्या. समोरच्याचा कागद टेबलावरच राहिला. तो त्यांना परत नको होता.

"तू ही चौकट आधी कुठे बघितलीस?" ताईने विचारलं.

"मी कुठे बघणार? तू लिहिलीस ना यादीत." धाकटा खुर्चीत बसला. "मी वाचलं आणि म्हटलं, वा, ताईने काहीतरी नवीन काढलं, आणि आपल्याला सांगितलंही नाही. बाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, माहीत नाही कसं म्हणायचं? आपल्याच यादीतली वस्तू. मग तुझ्या डोक्यात काय असेल त्याचा विचार करत गेलो आणि बोलत गेलो." त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "बरोबर सांगितली ना? की तुझी वेगळी होती?"

पंखा फिरत होता.

"बरोबर," ताई म्हणाली. "तशीच होती."

"हां. मग ठीक." त्याचा चेहरा उजळला. "मला वाटलं, थापा मारून आलो की काय."

दर विश्लेषण

वस्तू करायची तर किंमत काढावी लागते. भावजयीने तक्ता उघडला. चौकट बनवायला लाकूड, कापड, दिवा, सुताराची मजुरी, सगळं मिळून सहा हजार. दहा कामं टिकेल, असं धाकटा म्हणाला. तो बारा म्हणत होता, भावजयीने दहा लिहिलं. म्हणजे एका कामावर सहाशे. धुलाई-दुरुस्ती अडीचशे. ठेवायची जागा शंभर. उभारणी आणि उतरवणी नऊशे. डहाळ्या संपणाऱ्या, तीनशे नव्वद. बेरीज दोन हजार दोनशे चाळीस. भागिले शून्य पूर्णांक सात.

"तीन हजार दोनशे," भावजय म्हणाली. "यादीत तीन हजार आहे."

"मी अंदाजाने टाकले होते," ताई म्हणाली. हे खरं होतं.

"चांगलाच अंदाज. डॉक्टरीणबाईंना तीन हजार, कारण लिहून दिलंय. यादीत आजपासून बत्तीसशे. आणि पुढे कुणाला कमी करायचं झालं तर दर तोडायचा नाही, खाली सूट म्हणून वेगळी ओळ. नाहीतर पुढच्या वेळी तोच दर होऊन बसतो."

धाकटा सुताराला फोन करायला मागच्या खोलीत गेला. तिथून त्याचा आवाज येत होता. "नाही, जाड नको. हलकी. उचलायची मला आहे." ताईने ऐकलं. तो तिथे जायचा, कारण पुढच्या खोलीत रस्त्याचा आवाज होता.

भावजय पडद्याकडे बघतच म्हणाली, "माझ्या यादीत सावलीची चौकट नव्हती."

ताईने टेबलावरच्या समोरच्याच्या कागदाची घडी घातली.

"माझ्यात पायरीची किनार होती. मला वाटलं, टंकताना चूक झाली. मग फुलवाला त्याची प्रत इथेच विसरून गेला. त्यात झेला. पाण्यातला." तिने एक ओळ पुसली, पुन्हा लिहिली. "खरेदी विभागात आम्ही पण करायचो असं. पुरवठादारांना. घरात नाही करायचो."

"समोरचा दर वेळी..."

"बघितला मी त्याचा कागद. ओळीओळीला पाच टक्के. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला माणूस आहे तो, बाकी काही नाही." ती आता वळली. "ह्यांना काही सांगितलेलं नाही मी. सांगणारही नाही. त्यांना वाटतंय, ताईने नवीन वस्तू काढली आणि आपल्याला ती समजली. त्यांना ते वाटू दे."

"आणि तू?"

"मला काय वाटायचं ते वाटलं. पण ताई, तुमच्या डोळ्यांतलं तेल संपेपर्यंत तुम्ही बघत बसाल. आज हे, उद्या मी. नमुना बदलायला हवा. माणसं नाही."

तिने नमुना दोन भागांत कापला. आतला कागद: प्रत्येक नग, त्याचा खर्च, त्याची मजुरी, भागाकार. तो दुकानाबाहेर जायचा नाही. बाहेरचा कागद: कामाचं वर्णन, काय मिळेल, काय मिळणार नाही, आणि तीन आकडे फक्त. प्रवेशद्वार, पूर्ण. आतली सजावट, पूर्ण. वाहतूक. कमानीचा वेगळा, कापडाचा वेगळा दर नाही. ज्याला काही काढून टाकायचं असेल त्याने सांगावं, नवा कागद मिळेल, नव्या क्रमांकाचा.

"आता बसू दे त्याला विसावा हिस्सा काढत," भावजय म्हणाली. "कशाचा काढतोय ते त्यालाच कळणार नाही."

"एकूण रकमेवरून काढेल."

"काढेल. पण मग त्याला ते काम त्या पैशात करून दाखवावं लागेल. आपण काय काय धरलंय ते त्याला दिसणार नाही."

ताई कागदाच्या तळाशी गेली. सही. पहिलं नाव तिचं. खाली रेघ.

मागच्या खोलीत मोजपट्टी सुटली. खर्रर्र. तिने कान टवकारले, सवयीने. मग स्वतःचीच चीड आली आणि तरी कान तसेच राहिले. ही सवय अशी एका दुपारात जाणार नव्हती. शिडी अजून भिंतीला होती. परत द्यायला तो पुन्हा समोर जाणार, पुन्हा कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवणार, आणि ती काचेतून बघणार. हे तिला माहीत होतं.

टक्.

तिने रेघेवर धाकट्याचं पूर्ण नाव लिहिलं. फोन नंबर ओळीत घेतला, बाजूला नाही. छापायला दिलं. यंत्राने कागद अर्धा बाहेर काढला, थांबलं, विचार केल्यासारखं, आणि उरलेला सोडला.

"अगं, दोन प्रती काढ," धाकटा आतून ओरडला. "एक मला हवी."

"सगळ्या सारख्याच आहेत," ताई म्हणाली. "कुठलीही घे."

ज्या आठवड्यात समोरच्याने पगार वाढवून देतो म्हणून सांगितलं, त्याच आठवड्यात धाकट्याने ती नोकरी सोडली होती, आणि ताईला फक्त "नाही पटलं" एवढंच सांगितलं होतं.